लँगम्युअरच्या सरळ रेषेवरून पृष्ठव्याप्ती: कोळशावरच्या कार्बन मोनॉक्साइडचं गणित, पायरी पायरीने

घन पदार्थाच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू येऊन चिकटतात, त्याला अधिशोषण म्हणतात. एखाद्या दाबाला पृष्ठभागावरच्या एकूण जागांपैकी किती जागा भरल्या आहेत, तो अपूर्णांक म्हणजे पृष्ठव्याप्ती, θ. सगळ्या जागा रिकाम्या असतील तर θ शून्य. सगळ्या भरल्या आणि एक रेणू जाडीचा थर पूर्ण झाला, की θ एक.

व्याख्या सोपी आहे, मोजमाप तितकं सोपं नाही. प्रयोगात मिळतं ते फक्त V, म्हणजे ठरावीक दाबाला किती वायू चिकटला त्याचं आकारमान. θ काढायला त्याला V∞ ने भागावं लागतं. V∞ म्हणजे पूर्ण एकस्तराला लागणारा वायू, आणि तो बहुतेक वेळा मोजायला मिळतच नाही, कारण तिथवर पोहोचायला लागणारा दाब उपकरणाच्या आवाक्याबाहेर असतो. म्हणून सरळ रेषेचा आधार घ्यायचा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अर्विंग लँगम्युअर यांनी १९१६ ते १९१८ च्या दरम्यान मांडलेलं समीकरण त्यासाठी वापरतात.

समीकरण कुठून येतं

रेणू चिकटण्याचा वेग दाबाच्या आणि रिकाम्या जागांच्या, म्हणजे p(1 − θ) च्या प्रमाणात असतो. सुटण्याचा वेग भरलेल्या जागांच्या, म्हणजे θ च्या प्रमाणात. समतोलात दोन्ही वेग सारखे. दोन्ही वेगांकांचं गुणोत्तर K धरलं की

θ = Kp / (1 + Kp)

आता θ च्या जागी V/V∞ घालून मांडणी फिरवली, की कामाचं रूप मिळतं:

p/V = p/V∞ + 1/(K·V∞)

आडव्या अक्षावर p आणि उभ्या अक्षावर p/V घेतलं तर रेषा सरळ यायला हवी. तिचा चढ म्हणजे 1/V∞. उभ्या अक्षावरचा आंतरछेद म्हणजे 1/(K·V∞). चढाला आंतरछेदाने भागलं की V∞ कटतो आणि थेट K हातात येतो.

यात गृहीतकं तीन आहेत: थर एकच, सगळ्या जागा सारख्या, आणि शेजारी रेणू असला-नसला तरी चिकटण्याच्या ऊर्जेत फरक नाही. परीक्षेसाठी ही पाठ करून सोडून दिली जातात. खऱ्या डेटावर मात्र रेषा कुठे आणि कशी वाकते याचा अर्थ यांच्यावरूनच लागतो, तेव्हा डोक्यात राहू द्या.

पायरी १: V कसा मोजला आहे ते आधी बघा

आकारमान पद्धतीत नमुना आधी निर्वातात तापवून घेतात, म्हणजे आधीपासून बसलेलं पाणी आणि हवा निघून जाते. कोळशासाठी दोन-तीनशे अंश सेल्सिअसला काही तास, ही नेहमीची पद्धत. नमुन्याचं वजन त्यानंतर करायचं, आधी नाही. दमट कोळसा वजनात फसवतो, आणि पाण्याने अडवलेल्या जागा V∞ मधून कमी होतात.

मग नमुन्याच्या नळीतली मोकळी जागा हीलियमने मोजतात, कारण नेहमीच्या तापमानाला हीलियम जवळजवळ चिकटतच नाही. त्यानंतर वायूचा मोजलेला डोस सोडायचा, दाब स्थिर होऊ द्यायचा, मोकळ्या जागेत किती वायू उरला ते दाबावरून काढायचं आणि एकूण डोसातून वजा करायचं. उरतो तो चिकटलेला वायू. पुढचा डोस, पुन्हा तेच. V प्रत्येक वेळी २७३ केल्व्हिन आणि १ वातावरण दाबाला बदलून लिहितात, म्हणजे सगळे आकडे एका मापात येतात.

इथे दोन गोष्टी तपासा. पहिली, दाब निरपेक्ष आहे ना. साधा गेज मोकळ्या हवेत शून्य दाखवतो, त्यामुळे त्याच्या आकड्यात सुमारे १०१ किलोपास्कल मिळवावे लागतात. दुसरी, तापमान सगळ्या वाचनांत एकच होतं ना. K तापमानाने बदलतो, आणि अधिशोषण उष्णता बाहेर टाकत असल्याने प्रत्येक डोसानंतर नमुना थोडा गरम होतो. तो पुन्हा थंड होण्याआधी वाचन घेतलं तर V कमी दिसतो. २७३ केल्व्हिनवरचे प्रयोग सोयीचे असतात ते यामुळेही: वितळत्या बर्फाचं भांडं तापमान आपोआप धरून ठेवतं.

पायरी २: तक्ता मांडा

उदाहरण म्हणून कोळशावर कार्बन मोनॉक्साइड, २७३ केल्व्हिन. भौतिक रसायनशास्त्राच्या वर्गात हा आकडेसंच वर्षानुवर्षं सोडवला जातो. प्रयोग स्वतः करायचा तर हा वायू विषारी असून त्याला वास नाही, हे लक्षात घ्या. धुराड्याच्या कपाटाशिवाय आणि गळती दाखवणाऱ्या यंत्राशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. गणित शिकायला तयार आकडे पुरतात.

| p (किलोपास्कल) | V (घन सेंमी) | p/V |
|---|---|---|
| १३.३ | १०.२ | १.३०४ |
| २६.७ | १८.६ | १.४३५ |
| ४०.० | २५.५ | १.५६९ |
| ५३.३ | ३१.५ | १.६९२ |
| ६६.७ | ३६.९ | १.८०८ |
| ८०.० | ४१.६ | १.९२३ |
| ९३.३ | ४६.१ | २.०२४ |

p/V चे तीन दशांश ठेवा. दोनवर आणले तर शेजारच्या आकड्यांतला फरक (०.१० ते ०.१३) फार भरड होतो आणि पुढची तपासणी करता येत नाही.

या उदाहरणात एकस्तराचं गृहीतक का चालतं, तेही बघून ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचं क्रांतिक तापमान सुमारे १३३ केल्व्हिन आहे. २७३ ला तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही, त्यामुळे पहिल्या थरावर दुसरा थर साचायला फारसं कारण नाही. उलट, ७७ केल्व्हिनला नायट्रोजन वापरून केलेल्या मोजमापात थरावर थर चढतात. तिथे लँगम्युअरची रेषा न वापरता १९३८ चं ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांचं समीकरण वापरतात.

पायरी ३: रेषा बसवा

स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात p, B मध्ये V, C मध्ये p/V. पहिली ओळ शीर्षकांची धरली तर:

```
C2: =A2/B2
F1: =SLOPE(C2:C8,A2:A8)
F2: =INTERCEPT(C2:C8,A2:A8)
F3: =1/F1
F4: =F1/F2
```

C2 मधलं सूत्र C8 पर्यंत खाली ओढा. F3 म्हणजे V∞ आणि F4 म्हणजे K.

SLOPE मध्ये आधी उभ्या अक्षाचे आकडे, मग आडव्या. नवख्यांची इथे हमखास गडबड होते, आणि ती ओळखणं अवघड असतं. कारण क्रम उलटा झाला तर चढ साधारण ११० येतो, म्हणजे V∞ च्याच जवळपासचा आकडा, आणि सगळं बरोबर वाटतं. ओळखायची खूण आंतरछेदात आहे. क्रम उलटा असेल तर तो ऋण येतो, सुमारे −१३२. बरोबर मांडणीत तो धनच असला पाहिजे, कारण K आणि V∞ दोन्ही धन आहेत.

आकडे असे येतात:

चढ = ०.००९०४ प्रति घन सेंमी
आंतरछेद = १.१९७ किलोपास्कल प्रति घन सेंमी
V∞ = १ ÷ ०.००९०४ ≈ १११ घन सेंमी
K = ०.००९०४ ÷ १.१९७ ≈ ०.००७५५ प्रति किलोपास्कल

एकके प्रत्येक वेळी लिहा. K चं एकक दाबाच्या उलट असतं. दाब टॉरमध्ये घेतला तर K चा आकडा साडेसात पटीने लहान होतो, आणि दोन वह्यांतले K जुळत नाहीत म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं.

पायरी ४: हव्या त्या दाबाला θ

समजा ५० किलोपास्कलला पृष्ठव्याप्ती हवी आहे. हा दाब तक्त्यात नाही, म्हणून V/V∞ थेट काढता येत नाही. K वापरायचा:

Kp = ०.००७५५ × ५० = ०.३७७
θ = ०.३७७ ÷ १.३७७ = ०.२७४

म्हणजे साधारण २७ टक्के जागा भरल्या आहेत. V∞ ने गुणलं की चिकटलेला वायू मिळतो: ३०.३ घन सेंमी. तक्त्यात ४० ला २५.५ आणि ५३.३ ला ३१.५ आहे, तेव्हा ३०.३ मधोमध नीट बसतो.

मोजलेल्या एखाद्या दाबालाही पडताळा घ्या. ५३.३ किलोपास्कलला थेट भागाकार ३१.५ ÷ १११ = ०.२८४, आणि सूत्राने ०.२८७. एक टक्क्याच्या आसपासचा फरक चालेल. दहा-पंधरा टक्क्यांचा आला तर बहुधा कुठल्या तरी सेलमध्ये चूक आहे.

इथवर आलं की बरेच जण वही मिटतात. पण ०.२७४ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांवर विश्वास ठेवावा का, हे अजून तपासलेलंच नाही.

पायरी ५: रेषा खरंच सरळ आहे का

या डेटाला R² ०.९९८ येतो. भारी वाटतो, पण या ग्राफवर R² ला फारसं महत्त्व देऊ नका. p आडव्या अक्षावर आहे आणि उभ्या अक्षावरच्या p/V मध्येही तोच आहे. p वाढला की p/V वाढणारच, मग V कसाही मंद वाढो. असा ग्राफ जात्याच सरळ दिसायला कललेला असतो.

त्याऐवजी D स्तंभात प्रत्येक बिंदूचा रेषेपासूनचा फरक काढा:

```
D2: =C2-($F$1*A2+$F$2)
```

क्रमाने हे मिळतं: −०.०१४, −०.००३, +०.०१०, +०.०१३, +०.००७, +०.००३, −०.०१७.

आकडे लहान आहेत, पण चिन्हं बघा. दोन्ही टोकांना ऋण, मध्ये सलग चार धन. नुसत्या मोजणीच्या चुका असत्या तर चिन्हं वेडीवाकडी विखुरली असती. ही कमान आहे. बिंदू एका हलक्या वक्रावर आहेत आणि आपण त्यातून सरळ रेषा ओढली आहे.

कमानीचा परिणाम किती, हे बघायला फक्त पहिले तीन बिंदू घेऊन रेषा बसवा, मग फक्त शेवटचे तीन घेऊन.

| बिंदू | V∞ | K | ५० ला θ | ५० ला V |
|---|---|---|---|---|
| पहिले तीन | १०१ | ०.००८४६ | ०.२९७ | ३०.० |
| सगळे सात | १११ | ०.००७५५ | ०.२७४ | ३०.३ |
| शेवटचे तीन | १२३ | ०.००६४१ | ०.२४३ | २९.९ |

V चा स्तंभ जवळजवळ हलत नाही. ५० किलोपास्कलला किती वायू चिकटतो, हे कुठल्याही रेषेने विचारा, उत्तर तीसच. θ मात्र ०.२४ पासून ०.३० पर्यंत सरकतो. V हा मोजलेल्या टप्प्याच्या आतला किंवा लगतचा आकडा आहे. θ मध्ये V∞ आहे, आणि V∞ टप्प्याच्या फार पलीकडे आहे.

किती पलीकडे? निम्म्या जागा भरायला लागणारा दाब म्हणजे 1/K, इथे सुमारे १३२ किलोपास्कल. नव्वद टक्के भरायला 9/K, म्हणजे जवळजवळ १२०० किलोपास्कल. आपली मोजमापं ९३ ला संपतात, जेमतेम ४२ टक्के व्याप्तीपाशी. अर्धी वाटही न चालता गाव किती लांब आहे ते सांगायचं, असा हा प्रकार आहे. K·p ची कमाल किंमत १ च्या पुढे जाईल इतक्या दाबापर्यंत मोजलं, तरच V∞ वर टेकून बसता येतं.

कमान का येते

पहिला संशय कोळशावर. त्याच्या छिद्रांत आणि कडांवर सगळ्या जागा सारख्या नसतात. घट्ट धरणाऱ्या जागा कमी दाबाला आधी भरतात, म्हणून पहिल्या बिंदूंचा K मोठा येतो. ढिल्या जागा नंतर भरतात, म्हणून शेवटच्या बिंदूंचा K लहान आणि V∞ मोठा. तक्त्यात अगदी हेच दिसतं. दुसऱ्या शब्दांत, ‘सगळ्या जागा सारख्या’ हे गृहीतक इथे थोडं मोडतं.

पण उपकरणातली चूकही हुबेहूब अशीच कमान काढू शकते. मोकळी जागा प्रत्यक्षापेक्षा कमी धरली, तर प्रत्येक वाचनात थोडा वायू चुकून ‘चिकटला’ म्हणून गणला जातो, आणि ही चूक दाबाबरोबर वाढते. उजवीकडचे V फुगतात, p/V खाली येतो, रेषा उजव्या टोकाला झुकते. बारीक गळतीनेही असंच होतं: वायू बाहेर जातो आणि हिशेबात तो कोळशावर बसलेला दिसतो.

दोन्हींतला फरक कळायला दोन चाचण्या पुरतात. नमुना दुप्पट घेऊन पुन्हा मोजा. कमान कोळशाची असेल तर दर ग्रॅममागे तीच राहील. मोकळ्या जागेच्या मोजणीत कायमची चूक असेल तर ती दर ग्रॅममागे निम्मी होईल. गळतीसाठी शेवटच्या दाबानंतर वायू टप्प्याटप्प्याने काढत त्याच दाबांना परत या. उतरतानाचे V चढतानाच्या V शी जुळले पाहिजेत. उतरताना ते जास्त दिसले तर गळती असू शकते किंवा काही रेणू रासायनिक बंधाने घट्ट बसलेले असू शकतात. रिकाम्या नळीत वायू भरून रात्रभर दाब बघितला की गळतीचा प्रश्न निकालात निघतो.

दुसरी सरळ रेषा, आणि ती का टाळावी

काही ठिकाणी 1/p विरुद्ध 1/V असा ग्राफ काढायला सांगतात. समीकरण तेच, फक्त फिरवलेलं: इथे आंतरछेद 1/V∞ असतो. गणित चुकीचं नाही, पण बिंदूंचं वजन बदलतं. 1/p घेतल्यावर सातपैकी पाच बिंदू आडव्या अक्षाच्या डाव्या पाव भागात गर्दी करतात आणि १३.३ चा पहिला बिंदू एकटा दूर उजवीकडे जाऊन रेषा आपल्याकडे ओढतो. नेमकं याच बिंदूचं वाचन सगळ्यांत कच्चं असतं, कारण कमी दाबाला V लहान आणि समतोल यायला वेळ लागतो. याच डेटावर V∞ सुमारे १०६ आणि ५० ला θ सुमारे ०.२८५ येतो. p/V चा ग्राफ वापरा. दुसरा काढलाच तर तुलनेपुरता.

रेणू चिकटताना तुटत असेल तर मात्र दोन्ही रेषा चुकतात. धातूवर हायड्रोजन हे त्याचं ठळक उदाहरण: एक रेणू दोन जागा घेतो, आणि सूत्रात p च्या जागी √p येतो. तेव्हा √p विरुद्ध √p/V काढा. चढ पुन्हा 1/V∞ च, पण त्याला आंतरछेदाने भागल्यावर मिळतो √K. त्याचा वर्ग करायला विसरू नका.

महाविद्यालयात वायूच्या जागी ॲसेटिक आम्ल आणि कोळसा घेऊन हाच प्रयोग केला असेल, तर p च्या जागी समतोलातली संहती c आणि V च्या जागी दर ग्रॅम कोळशावर बसलेलं आम्ल x/m घ्या. c म्हणजे गाळल्यानंतर टायट्रेशनने आलेली संहती. सुरुवातीला बाटलीत ओतलेल्या द्रावणाची संहती घेतली तर सगळे बिंदू उजवीकडे सरकतात आणि K लहान येतो.

उत्तर कसं लिहायचं

कोळशाच्या उदाहरणाचं उत्तर असं लिहा: २७३ केल्व्हिन, ५० किलोपास्कल, V = ३० घन सेंमी, θ ≈ ०.२७ (बिंदू बदलल्यास ०.२४ ते ०.३०), सरळ रेषा १३ ते ९३ किलोपास्कलच्या सात बिंदूंवरून, मोजलेली कमाल व्याप्ती सुमारे ०.४२. सोबत फरकांचा स्तंभ जोडा, म्हणजे तपासणाऱ्याला कमान स्वतः बघता येईल.